मधुमेह्याच्या मूत्रपिंडातील वायू

मनुष्यदेहात वायू कोठे असावा हे निसर्गाने ठरवून दिलेले आहे. फुप्फुसे व श्वासनलिका, नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या, मध्यकर्ण आणि घशापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही त्याची हक्काची ठिकाणे होत. यांखेरीज अन्यत्र, एखाद्या भरीव अवयवाच्या गरात, तो आढळला, तर एकतर तो बाहेरून शिरलेला असला पाहिजे किंवा तेथल्या तेथे उत्पन्न झालेला असला पाहिजे. आणि ज्या रुग्णावर अलीकडे कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नाही, ज्याच्या मूत्रमार्गात नळी वा दुर्बीण घातलेली नाही, आणि ज्याच्या आतड्याला मूत्रपिंडाकडे उघडणारे छिद्र पडलेले नाही, अशाच्या मूत्रपिंडात जर वायूचे बुडबुडे दिसले, तर दुसरे अनुमान मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मूत्रपिंडाच्या गरातच जंतू वायू निर्माण करीत आहेत आणि तो गर मृत होत चालला आहे, असे ते अनुमान होय. या विकाराला वैद्यकात एम्फिसेमेटस पायलोनेफ्रायटिस असे नाव आहे. तो विरळा खरा. परंतु झाला तर बहुतेक वेळा तो मधुमेह्यालाच होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, आणि त्याच्या उपचारात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावा लागतो.

या विकाराची पहिली लेखी नोंद 1898 सालची असून ती मॅक्कॅलम व केली या अमेरिकेतील दोघा वैद्यकतज्ज्ञांच्या नावावर आहे. लघवीवाटे वायू बाहेर पडणाऱ्या रुग्णाची हकीकत त्यांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेक दशके रोगाचे निदान एक्स-रेवर, शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा शवविच्छेदनात होत असे, आणि निदान झाले की संपूर्ण मूत्रपिंड काढून टाकणे हाच एक मार्ग मानला जाई. आज तसे नाही. आज बऱ्याच रुग्णांचे मूत्रपिंड वाचते. हा पालट केवळ औषधे सुधारल्याने घडलेला नाही. वायू नेमका कोठे आहे हे सीटी स्कॅनने दाखवून दिले आणि पाठीतून घातलेल्या एका नळीने तो बाहेर काढता येऊ लागला, यामुळे तो घडला. म्हणून प्रथम हा वायू येतो कोठून आणि तेथे साचून का राहतो, याचा विचार केला पाहिजे. कारण पुढील सर्व निर्णयांचे मूळ त्यात आहे.

या रोगास कारण होणारे जंतू कोणी परके नाहीत. स्त्रियांच्या साध्या मूत्रविकारात जो नेहमी सापडतो तो ई. कोलाय, आणि त्याच्या खालोखाल क्लेब्सिएला, हेच दोघे येथेही बहुतेक वेळा हाती लागतात. यांचा एक गुण असा की, प्राणवायू मुबलक असेल तेथे ते त्याच्या साह्याने जगतात, आणि नसेल तेथे साखर आंबवून आपला निर्वाह करतात. या आंबण्यातून निरनिराळी आम्ले उत्पन्न होतात. त्यांतील फॉर्मिक आम्लाचे पुढे विघटन होऊन हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू सुटतात. रात्री भिजवून ठेवलेले पीठ सकाळी फुगून भांड्याबाहेर येते त्यामागेही सूक्ष्मजीवांनी साखरेपासून केलेला वायूच असतो. फरक एवढाच की, येथे भांडे म्हणजे जिवंत माणसाचे मूत्रपिंड असते. मधुमेह बेताल झालेल्या रुग्णाच्या रक्तात, ऊतींत आणि मूत्रात साखरेचा तुटवडा मुळीच नसतो. त्यातच दीर्घकाळच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा बधिर झालेल्या असल्या म्हणजे मूत्राशय पुरता रिकामा होत नाही, मागे राहिलेल्या मूत्रात जंतू वाढतात व वर चढतात; आणि पांढऱ्या पेशी, ज्यांनी त्यांना वाटेतच गाठावयाचे, त्याही वाढलेल्या साखरेत मंदावलेल्या असतात.

परंतु वायू निर्माण होणे ही अर्धीच हकीकत झाली. कार्बन डायऑक्साइड रक्तात सहज विरघळतो, हायड्रोजनही हळूहळू शोषला जातो. तेव्हा अभिसरण धडधाकट असेल तर निर्माण होणारा वायू रक्ताबरोबर फुप्फुसांकडे वाहून जावा आणि त्याचा मागमूसही उरू नये. तो साचतो, बुडबुड्यांनी गर फाडतो, त्याच्या रेषा बाहेरच्या चरबीपर्यंत पोचतात, याचाच अर्थ तेथील रक्तप्रवाह क्षीण झाला आहे वा बंद पडला आहे. मधुमेहाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच अरुंद केलेल्या असतात. जंतूंच्या विषामुळे त्यांत गुठळ्या होतात. सूज आणि साचलेल्या वायूचा दाब उरलेल्या वाहिन्या दाबून टाकतात. रक्त बंद पडले की गर मरतो, मेलेल्या गरात प्राणवायू नसल्याने आंबणे अधिकच जोरात चालते, आणि वाढलेला वायू आणखी रक्त बंद पाडतो. या दुष्टचक्रातून एक तत्त्व निघते, आणि या लेखाचा सारा भर त्याच्यावरच आहे: ज्या जागेतून रक्त वायू वाहून नेऊ शकत नाही, त्या जागेपर्यंत तेच रक्त औषधही पोचवू शकत नाही. शिरेतून दिलेले प्रतिजैविक कितीही जालीम असले तरी ते रक्तावर स्वार होऊनच जाते. जेथे रस्ताच बंद आहे तेथे त्याचा अंमल चालत नाही. नळी किंवा सुरी यांची गरज पडते ती याच कारणाने.

आता हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहण्यासाठी एका कल्पित रुग्णाचा मामला तपशिलाने मांडू. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात शेंदूरजनाघाट हे संत्र्यांच्या बागांनी वेढलेले गाव आहे. मध्य प्रदेशची हद्द तेथून जवळ; उलट जिल्ह्याचे ठिकाण वरूड, मोर्शी ओलांडून शंभर किलोमीटरच्या आसपास. अशा गावातील, बागेत काम करणारी, बारा वर्षांपासून मधुमेह असलेली, गोळ्या कधी घेणारी कधी चुकविणारी, अठ्ठावन्न वर्षांची एक स्त्री आपण कल्पू. तिला थंडी वाजून ताप येतो, डाव्या कुशीत व पाठीत ठणका लागतो, दोन दिवसांनी उलट्या सुरू होतात. गावातील डॉक्टर तापाची गोळी, एक इंजेक्शन आणि पाच दिवसांचे प्रतिजैविक देतात. साध्या मूत्रपिंडदाहात हे बहुधा पुरेसे ठरते. परंतु चौथ्या दिवशी तिचा मुलगा पुन्हा दारात उभा राहून सांगतो, "डॉक्टरसाहेब, ताप उतरूनच नाई राह्यला, अन् माय लय गळून गेली." वैद्याने सावध व्हावयाचे ते येथे. योग्य औषध सुरू होऊन दोन ते तीन दिवस लोटले तरी मधुमेह्याचा ताप उतरत नसेल, तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही किंवा औषध जंतूपर्यंत पोचत नाही, या दोनपैकी एक गोष्ट खरी असली पाहिजे. आणि दुसरीचा शोध केवळ लघवीच्या तपासणीने लागत नाही, त्यासाठी मूत्रपिंडाचे चित्रच काढावे लागते.

तिची साखर 412 भरते, रक्तदाब 96 वर 60, नाडी मिनिटाला 118. वरूडला सोनोग्राफी होते, आणि अहवालात एक निरुपद्रवी भासणारे वाक्य येते: आतड्यातील वायूमुळे डावे मूत्रपिंड नीट दिसले नाही. या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ध्वनिलहरी वायूतून पुढे जात नाहीत, त्याच्या पृष्ठावरून परततात. म्हणून पडद्यावर एक लखलखीत पांढरी रेषा उमटते आणि तिच्या मागे मळकट, धुरकट सावली पसरते. खड्याची सावली याहून वेगळी, स्वच्छ व काळी असते. आतड्यातील वायू आणि मूत्रपिंडातील वायू मात्र सोनोग्राफीत सारखेच दिसतात, आणि घाईच्या तपासणीत दुसऱ्याला पहिला समजण्याची चूक सहज होते. भेद ओळखण्याची एक युक्ती अशी की, यंत्राचे टोक पोटावरून न ठेवता कुशीच्या मागून, पाठीकडून ठेवावे. त्या वाटेत मूत्रपिंडाच्या आड सहसा आतडे येत नाही. तेथूनही जर तीच मळकट सावली मूत्रपिंडाच्याच जागी, रुग्णाची कूस बदलूनही न हलता दिसत राहिली, तर तो वायू आतड्यातला नाही अशी शंका धरणे भाग आहे. पोटाच्या साध्या एक्स-रेतही मूत्रपिंडावर बुडबुड्यांची नक्षी वा त्याच्या कडेने चंद्रकोरीसारखी काळी रेघ कधी कधी दिसते. पण तीही आतड्याच्या वायूत हरवून जाते, म्हणून एक्स-रे निर्दोष आला यावर विसंबता येत नाही.

निर्णायक साक्ष सीटी स्कॅनची. या यंत्रात प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफील्ड नावाच्या मापात मोजतात. पाण्याला शून्य, हवेला उणे 1000, चरबीला साधारणपणे उणे 100 च्या आसपास, आणि खड्याला शून्याच्या वर शेकड्यांनी आकडा मिळतो. मूत्रपिंडाभोवती चरबी भरपूर असते आणि ती चित्रात काळपटच दिसते. तेव्हा काळे दिसते ते चरबी की वायू, हा प्रश्न नजरेवर सोडावयाचा नसतो. एकतर त्या ठिकाणचा आकडा मोजावा, किंवा चित्र फुप्फुसे पाहण्याच्या मांडणीत बदलून घ्यावे; त्या मांडणीत चरबी करडी होते आणि वायू तेवढा काळा उरतो. दुसरी गोष्ट अशी की, वायू शोधण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याची गरज नसते. ज्या रुग्णाचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे त्याच्या बाबतीत ही मोठी सोय आहे, आणि "किडनीचा रिपोर्ट वाढला आहे, म्हणून सीटी आत्ता करता येत नाही," ही सबब येथे लागू पडत नाही.

आपल्या रुग्णेला अमरावतीला पोचविले, साधा सीटी स्कॅन झाला. डावे मूत्रपिंड सुजून मोठे झालेले. वरच्या व मधल्या भागात बुडबुड्यांचे पुंजके. त्या भागातच पुवाचा एक साठा, त्याच्या वरच्या अंगाला वायू आणि तळाशी द्रव अशी आडवी सपाट पातळी. आणि मूत्रपिंडाच्या कवचाबाहेर, गेरोटा नावाच्या आवरणाच्या आतल्या चरबीत, वायूची चंद्रकोर. मूत्रवाहिनीत खडा नाही, मूत्रमार्ग फुगलेला नाही, उजवे मूत्रपिंड निर्दोष. या प्रत्येक तपशिलाला पुढे किंमत आहे.

चित्र वाचताना पहिला प्रश्न असा की, वायूबरोबर पू आहे की नाही. 1996 साली तैवानमधील वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 रुग्णांची चित्रे मांडून या रोगाचे दोन प्रकार पाडले. पहिल्यात गर नष्ट होऊन वायू रेषारेषांनी पसरलेला असतो, पण द्रवाचा साठा नसतो. दुसऱ्यात बुडबुडे असतात आणि सोबत पू साचलेला असतो. पू दिसला म्हणजे प्रकरण अधिक गंभीर, असे सामान्य माणसास वाटेल. प्रत्यक्षात उलट दिसून आले: पहिल्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण 69 टक्के होते, दुसऱ्यात 18 टक्के. कारण पू म्हणजे देहाने दिलेल्या झुंजीची खूण होय. पांढऱ्या पेशी तेथे पोचल्या, लढल्या आणि त्यांनी शत्रूला कोंडले. जेथे पूसुद्धा झाला नाही तेथे पेशी पोचल्याच नाहीत, म्हणजे रक्तच पोचले नाही. वर सांगितलेले तत्त्व चित्रातून डोळ्यांना दिसते ते असे. शिवाय पुवाचा साठा असेल तर नळीला काढून घेण्याजोगे काही असते. कोरड्या, रेषारेषांनी झिरपलेल्या मृत गरातून नळी काय खेचणार?

दुसरा प्रश्न वायू किती दूरवर गेला हा. याबाबत 2000 साली हुआंग आणि त्सेंग यांनी केलेली वर्गवारी आज सर्वत्र रूढ आहे. त्यांनी तैवानातील आपल्या इस्पितळातील 48 रुग्ण तपासले; त्यांपैकी 46 मधुमेही होते. त्यांच्या पहिल्या वर्गात वायू केवळ मूत्र गोळा करणाऱ्या पोकळीत असतो. दुसऱ्यात तो गरात शिरतो, पण मूत्रपिंडाबाहेर जात नाही. तिसऱ्यात तो बाहेरच्या चरबीत उतरतो, आणि गेरोटाच्या आवरणाच्या आत आहे की त्यापलीकडे यावरून त्याचे दोन पोटभाग होतात. चौथ्यात दोन्ही मूत्रपिंडे, किंवा एकच असलेले मूत्रपिंड, ग्रासलेले असते. आपली रुग्णा तिसऱ्या वर्गाच्या पहिल्या पोटभागात मोडते. पहिल्या दोन वर्गांतील रुग्ण प्रतिजैविके आणि नळी यांवर, किंवा अडथळा दूर करून, बहुधा तरून जातात. तिसऱ्या व चौथ्या वर्गात मात्र चित्र एकटे निकाल देत नाही. देहाची अवस्थाही साक्षीला बोलवावी लागते. प्लेटलेट्स कमी होणे, मूत्रपिंडांचे कार्य अचानक ढासळणे, शुद्ध हरपत जाणे आणि रक्तदाब कोसळून आघाताची अवस्था येणे, ही ती चार अनिष्ट चिन्हे. त्या दोघांना असे आढळले की, तिसऱ्या-चौथ्या वर्गात यांपैकी दोनपेक्षा कमी चिन्हे असणाऱ्यांपैकी 85 टक्क्यांना नळी व औषधे यांनी गुण आला. दोन वा अधिक असणाऱ्यांत मात्र तोच उपाय 92 टक्के वेळा निष्फळ ठरला.

आता आपल्या रुग्णेचे कागद पाहा. प्लेटलेट्स 82,000, क्रिएटिनिन 2.9, शुद्ध पूर्ण, आणि रक्तदाब, जो पोचताना 92 होता, दोन लिटर सलाइननंतर 110 वर येऊन स्थिर राहिलेला. चारपैकी दोन चिन्हे भरली. केवळ त्या आकड्यावर निवाडा करावयाचा तर तिला थेट शस्त्रक्रियेस न्यावे, असे निघते. परंतु आजचे बहुतेक मूत्ररोगतज्ज्ञ तसे करणार नाहीत, आणि त्याला कारणे आहेत. तो निष्कर्ष एका इस्पितळातील मोजक्या रुग्णांवरून काढलेला आहे. तिच्या चित्रात काढता येण्याजोगा पू आहे. द्रव दिल्यावर रक्तदाब सावरला आहे. आणि ज्या देहात जंतूंचे विष भिनले आहे त्याला पूर्ण भूल देऊन, सुजलेल्या, ठिसूळ झालेल्या, भोवतालच्या अवयवांना चिकटलेल्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या बांधणे हे स्वतःच जीवावरचे काम आहे. 2008 साली निरनिराळ्या 10 अभ्यासांतील 210 रुग्णांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात केवळ औषधांवर ठेवलेल्यांत 50 टक्के, तातडीने मूत्रपिंड काढलेल्यांत 25 टक्के, आणि नळी व औषधे मिळालेल्यांत 13.5 टक्के मृत्यू आढळले. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना एक सावधगिरी हवी: शस्त्रक्रियेच्या वाट्याला अधिक अत्यवस्थ रुग्ण आलेले असू शकतात, म्हणून नळी शस्त्रक्रियेहून श्रेष्ठच असे यातून सिद्ध होत नाही. परंतु प्रथम नळी, आणि तिने न भागल्यास शस्त्रक्रिया, या क्रमाला त्यातून आधार मिळतो. आणि नुसत्या औषधांवर वाट पाहत बसण्याला मुळीच मिळत नाही.

नळी घालण्यापूर्वीचे एकदोन तास वाया जाता कामा नयेत. रक्त आणि लघवी यांचे नमुने जंतू वाढवून पाहण्यासाठी आधी घेतात, आणि लागलीच पहिले प्रतिजैविक शिरेतून देतात. आपल्याकडे मूत्रविकारांतील ई. कोलाय नेहमीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांना पुष्कळदा दाद देत नाही, सबब अशा अत्यवस्थ रुग्णास बहुधा मेरोपेनेमच्या वर्गातील औषधाने प्रारंभ करतात आणि दोनतीन दिवसांनी अहवाल आला की शक्य असल्यास साध्या औषधावर उतरतात. मूत्रपिंड मंदावले असले तरी पहिली मात्रा पुरीच द्यावयाची असते. कपात करावयाची ती पुढच्या मात्रांत. इन्सुलिन सलाइनवाटे संथ गतीने सुरू करतात, कारण साखर हे जंतूंचे रेशन आहे. मूत्राशयात नळी घालून तासातासाला लघवीचे माप लिहितात. मूत्रवाहिनीत खडा अडकलेला असता तर कोंडलेल्या मूत्राला वाट देणे हे पहिले काम ठरले असते: दुर्बिणीतून डीजे स्टेंट घालून, किंवा पाठीतून मूत्रपिंडाच्या पोकळीत नळी सोडून. आपल्या रुग्णेस तो अडथळा नाही. तिला हवी आहे पुवाच्या आणि वायूच्या साठ्यात जाणारी नळी. या दोन नळ्यांची कामे भिन्न आहेत आणि काही रुग्णांना दोन्ही लागतात.

ही क्रिया जागच्या जागी बधिर करून होते. रुग्णेला पालथी किंवा कुशीवर निजवून, सोनोग्राफी वा सीटीच्या मार्गदर्शनाने, बाराव्या बरगडीखालून एक लांब सुई साठ्यात नेतात. बरगडीखालून अशासाठी की वर फुप्फुसाचे आवरण आहे आणि पुढच्या बाजूस आतडे. सुईतून पातळ लवचिक तार आत सोडतात, सुई काढतात, तारेवरून एकाहून एक जाड नलिका सरकवून वाट रुंद करतात, आणि अखेरीस टोकाशी वेटोळे होणारी पिगटेल नळी बसवितात. ती किमान 14 फ्रेंच जाडीची असावी; तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा ही नळी पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास भरते. घट्ट पू आणि मृत गराचे तुकडे बारीक नळीत अडकून बसतात, आणि बाहेरच्या पिशवीत काहीच येत नाही म्हणून साठा संपला असा खोटा दिलासा मिळतो. त्यासाठीच दिवसातून दोनतीन वेळा थोड्या सलाइनने नळी धुऊन ती वाहती असल्याची खात्री करावयाची असते. आपल्या रुग्णेच्या नळीतून प्रथम वायू आणि पाठोपाठ दीडशे मिलिलिटर तपकिरी, दाट पू आला.

येथून पुढचे दोनतीन दिवस परीक्षेचे. नळीला बेमुदत सवलत द्यावयाची नसते. ती घालतानाच तिच्या यशापयशाची मुदत ठरवावी लागते आणि शस्त्रक्रियेची तजवीज तयार ठेवावी लागते. ताप उतरतो आहे, रक्तदाब औषधाच्या टेकूशिवाय टिकतो आहे, तासाला चाळीस मिलिलिटर लघवी होते आहे, प्लेटलेट्स वर चढत आहेत आणि क्रिएटिनिन उतरत आहे, हे सारे 48 ते 72 तासांत दिसू लागले पाहिजे. आपल्या रुग्णेच्या प्लेटलेट्स तिसऱ्या दिवशी 1,20,000 होतात, क्रिएटिनिन 2.1 वर येते. पण पाचव्या दिवशी पुन्हा हलका ताप चढतो. घाबरून मूत्रपिंड काढण्याऐवजी सीटी पुन्हा करतात, तेव्हा खालच्या अंगाला पडद्याने वेगळा झालेला आणखी एक कप्पा सापडतो. त्यात दुसरी नळी जाते आणि ताप थांबतो. त्याच चित्रात वायू मात्र अजून थोडा शिल्लक असतो, आणि त्याने दचकण्याचे कारण नसते. रुग्ण सुधारत असता वायू पुरता नाहीसा व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. उपचाराचे मोजमाप रुग्णावरून करावयाचे, शिल्लक बुडबुड्यांवरून नव्हे.

याउलट मुदत संपता संपता रक्तदाब टिकविण्यासाठी नॉरअॅड्रेनालिनची मात्रा वाढवावीच लागत असेल, शुद्ध ढळू लागली असेल, प्लेटलेट्स घसरतच असतील, आणि नळ्या वाहत्या असूनही काही निचरा होत नसेल, तर तो मृत गर म्हणजे रक्तात विष सोडणारी खाणच ठरतो, आणि त्याला देहाबाहेर काढण्यावाचून इलाज राहत नाही. अशा वेळी आणखी एक दिवस वाट पाहणे म्हणजे तीच शस्त्रक्रिया अधिक दुबळ्या देहावर करणे होय. ज्या रुग्णाच्या पहिल्याच चित्रात संपूर्ण मूत्रपिंड रेषारेषांनी उद्ध्वस्त झालेले आहे, पू नाही, आणि द्रव देऊनही आघाताची अवस्था हटत नाही, त्याच्या बाबतीत हा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागू शकतो. दोन्ही मूत्रपिंडे ग्रासलेली असतील तर मात्र तज्ज्ञ शेवटपर्यंत नळ्यांचा आश्रय घेतात, कारण दोन्ही काढणे म्हणजे रुग्णाला आयुष्यभर डायलिसिसच्या स्वाधीन करणे. आणखी एक मधला मार्गही आहे: नळ्यांनी जीव वाचला, संसर्ग शमला, पण दोनतीन महिन्यांनी केलेल्या किरणोत्सारी तपासणीत ते मूत्रपिंड जवळजवळ निकामी ठरले आणि त्रास देत राहिले, तर ते तेव्हा काढता येते; सुस्थितीतील रुग्णावर ठरवून केलेली ती शस्त्रक्रिया तातडीच्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळच सुरक्षित असते. आपल्या कल्पित रुग्णेची दुसरी नळी चौथ्या आठवड्यात निघते, आणि तीन महिन्यांनी डावे मूत्रपिंड एकूण कामाचा चौथा हिस्सा उचलताना आढळते. म्हणजे ते ठेवावयाचे.

शेंदूरजनाघाटापासून सीटी स्कॅन आणि नळी घालणारा तज्ज्ञ ही दोन्ही जेथे एका छपराखाली मिळतील तेथवरचे अंतर रुग्णाच्या नातेवाइकांना कमी करता येत नाही, परंतु त्या अंतरावर जाणारा वेळ त्यांना आणि गावच्या डॉक्टरांना दोन ठिकाणी वाचविता येतो. पहिले असे की, मधुमेह्याला थंडीताप व कुशीत ठणका असून तिसऱ्या दिवशीही उतार नसेल, किंवा त्याआधीच उलट्या, गुंगी, लघवी कमी होणे वा रक्तदाब उतरणे यांपैकी काही दिसले, तर औषध बदलून आणखी दोन दिवस घालविण्याऐवजी त्याच दिवशी सीटीची सोय असलेल्या ठिकाणी धाडावे, आणि मूत्रपिंड वायूमुळे दिसले नाही असे सोनोग्राफीच्या अहवालात असेल तर त्याला निर्दोषपणाचा दाखला समजू नये. दुसरे असे की, सोबतच्या चिठ्ठीत ताप केव्हा सुरू झाला, कोणते प्रतिजैविक कोणत्या तारखेपासून दिले, शेवटचा रक्तदाब व साखर किती, बारा तासांत लघवी किती झाली आणि मूत्रमार्गात पूर्वी कधी नळी वा दुर्बीण घातली होती काय, एवढे लिहिलेले असावे. कारण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज स्कॅनमध्ये दिसणारा वायू जंतूंचा की बाहेरून शिरलेला हे ठरत नाही, आणि ते ठरल्याखेरीज पाठीत सुई घालावयाची की नाही हेही ठरत नाही.